बीएफजीएस फिटमध्ये E जागचा हलत नाही आणि एरर येतोय १ जूल: hess_inv वर किती विश्वास ठेवायचा?

खडूपाटी
नमस्कार मंडळी. केमिकल इंजिनीअरिंगमध्ये पीएचडी करतेय. A पासून B आणि B पासून C अशी सलग रिअ‍ॅक्शन आहे, बॅच रिअ‍ॅक्टरचा डेटा ३०३ ते ३५३ केल्विनमधल्या सहा तापमानांचा आहे. चार पॅरामीटर शोधायचेत, दोन्ही पायऱ्यांचे ln A आणि E. `solve_ivp` ने समीकरणं सोडवते, मोजलेल्या आणि काढलेल्या कॉन्सन्ट्रेशनच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घेते आणि ती बेरीज सायपायच्या `minimize` ला `method='BFGS'` लावून देते. ग्रेडियंट मी देत नाही, तो तेच काढतं.

अडचण अशी की E1 ची सुरुवात ६०,००० जूल प्रति मोलपासून केली तर उत्तर ६०,०००.०००२ येतं आणि ७५,००० पासून केली तर ७५,०००.०००१. दोन्हीकडे ln A मात्र भरपूर सरकतो. बेरीज एकदा ०.०३१ येते, एकदा ०.०२४. कधी success म्हणतं, कधी `Desired error not necessarily achieved due to precision loss.` असं येतं. शेवटी `hess_inv` च्या कर्णावरच्या आकड्यांचं वर्गमूळ घेऊन एरर लिहिला तर E चा एरर १ जूल प्रति मोल. गाईड सरांनी तो आकडा बघूनच रिपोर्ट परत दिला, म्हणाले इतका कमी एरर कुठल्याही प्रयोगात येत नाही. मग ही hess_inv नक्की कशाची आहे?

कोकणीबाणा
हे बघा, तुमचा ग्रेडियंट कचरा आहे एवढाच प्रॉब्लेम आहे. `solve_ivp` चा डीफॉल्ट rtol १०⁻³ असतो, म्हणजे तुमच्या f मध्ये १०⁻⁶ इतका तरी गोंधळ धरायलाच हवा. सायपाय ग्रेडियंट काढताना प्रत्येक पॅरामीटर १.५×१०⁻⁸ ने हलवतं. आता भागाकार करा, १०⁻⁶ भागिले १.५×१०⁻⁸ म्हणजे साधारण ६७. ग्रेडियंटमध्ये ६७ ची चूक असेल तर पुढे काय होणार! आणि बीएफजीएस आतल्या आत त्याच ग्रेडियंटना परत थोडं थोडं हलवून हेसियन काढतं, म्हणजे चुकीवर चूक. rtol १०⁻¹⁰ करा, सगळं सरळ होईल.

शून्यरेषा
कोकणीबाणा, rtol चा मुद्दा बरोबर आहे, तो लावायलाच हवा. पण हेसियनबद्दल जे लिहिलंत तसं बीएफजीएस करत नाही, आणि खडूपाटीच्या सगळ्या गोंधळाचं उत्तर नेमकं तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॅरामीटर मुद्दाम हलवून हेसियन काढायचं तर n पॅरामीटरना दर पायरीला n जादा ग्रेडियंट लागतात. बीएफजीएस एकही जादा ग्रेडियंट घेत नाही. पुढच्या बिंदूवर जायला ग्रेडियंट काढावाच लागतो, मागच्या बिंदूचा हातात असतोच, त्या दोघांची वजाबाकी म्हणजे y आणि आपण जितके सरकलो तो s. गाडीचा वेग दोन क्षणांना वाचला की त्वरण मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, तसंच. हेसियनचा चालू अंदाज म्हणजे B, आणि hess_inv म्हणजे त्याचा व्यस्त. नव्या अंदाजाने एवढं एकच पाळायचं असतं: `B s = y`. म्हणजे ज्या दिशेने आत्ता चाललो त्या दिशेने ग्रेडियंट खरोखर जेवढा बदलला तेवढाच B ने सांगितला पाहिजे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जिथे आपण कधी चाललोच नाही त्या दिशेबद्दल बीएफजीएसला काहीही माहीत नसतं, तिथे सुरुवातीची मॅट्रिक्स जशी होती तशीच राहते. सायपायमध्ये ती सुरुवात म्हणजे एकक मॅट्रिक्स, कर्णावर सगळीकडे १. दोन, तुमचा E हललाच नाही. म्हणून त्याच्या जागी १ तसाच राहिला, त्याचं वर्गमूळ १, आणि तो १ तुम्ही जूल प्रति मोल म्हणून रिपोर्टमध्ये लिहिलात. तो आकडा तुमच्या डेटातून आलेला नाहीच.

आता E का हलत नाही. k मध्ये E हा E/RT असा येतो. ३३० केल्विनला RT म्हणजे ८.३१४ × ३३०, साधारण २,७४४ जूल प्रति मोल. म्हणजे ln k च्या दिशेचा उतार समजा ०.०१ असेल तर E च्या दिशेचा उतार त्याच्या २,७४४ पट लहान, ३.६×१०⁻⁶. आणि `gtol` चं डीफॉल्ट आहे १०⁻⁵. म्हणजे E च्या बाजूने बघितलं तर पहिल्या दिवसापासून सगळं आधीच 'झालेलं' आहे. शिवाय एकक मॅट्रिक्सने पहिली पायरी ग्रेडियंटएवढीच असते, म्हणजे E एक जूलसुद्धा सरकत नाही, त्याला हजारो जूल सरकायचंय. तेवढ्यात ln A आपलं काम उरकतो आणि गाडी थांबते.

डेटावाला_नगर
मला पण हाच त्रास आहे!! सायकिट-लर्नमध्ये लॉजिस्टिक रिग्रेशन लावलं की `lbfgs failed to converge` येतं, `STOP: TOTAL NO. of ITERATIONS REACHED LIMIT`. मी max_iter १०० चं ५,००० केलं तर वॉर्निंग गेली पण खूप वेळ लागतो. तुम्ही पण max_iter वाढवून बघा ना.

शून्यरेषा
डेटावाला, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे, खडूपाटीचं मशीन वेळेच्या आधी थांबतंय आणि तुमचं वेळेत पोचत नाहीये. पण मूळ बरंचसं एक असू शकतं. तुमच्या कॉलममध्ये एकीकडे वय आणि एकीकडे रुपयांतला वार्षिक पगार असं काही आहे का? असेल तर आधी `StandardScaler` लावा आणि मग max_iter परत १०० करून बघा.

डेटावाला_नगर
हो पगार आहे, आणि प्लॉटचं क्षेत्रफळ पण स्क्वेअर फुटात. बघतो.

खडूपाटी
ताई, E चं कळलं, छातीत धस्स झालं पण कळलं. एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नाहीये. s आणि y हे चार चार आकड्यांचे व्हेक्टर. सममित ४×४ मॅट्रिक्समध्ये दहा अज्ञात. `B s = y` ही फक्त चार समीकरणं. मग बाकीचं कुठून येतं?

शून्यरेषा
बाकीचं जुन्या अंदाजातून येतं. `B s = y` पाळणाऱ्या असंख्य सममित मॅट्रिक्स आहेत, त्यातली जुन्या अंदाजाला एका विशिष्ट अर्थाने सगळ्यात जवळची निवडायची. 'जवळची' म्हणजे काय ते कसं ठरवता त्यावर वेगवेगळी सूत्रं निघतात, बीएफजीएस त्यातलं एक. शब्दांत सांगून हे पटत नाही, दोनच अज्ञातांचं उदाहरण घेऊ, कागदावर करता येईल.

f(u, v) = ½(u² + 10v²). खरं हेसियन कर्णावर १ आणि १०, बाकी शून्य. पण ते आपल्याला माहीत नाही असं समजू, फक्त ग्रेडियंट (u, 10v) मिळतो. सुरुवात (१०, १) पासून, तिथला ग्रेडियंट (१०, १०). B ची सुरुवात एकक मॅट्रिक्स, म्हणजे पहिली पायरी सरळ उताराच्या दिशेने. त्या रेषेवरचा सगळ्यात खालचा बिंदू येतो (८.१८, −०.८२), आणि तिथला ग्रेडियंट (८.१८, −८.१८).

s ची दिशा (१, १), y ची दिशा (१, १०). लांबी सोडून द्या, सूत्रात ती कापली जाते. बीएफजीएस काय करतं, B मधून s च्या दिशेचं जुनं मत काढून टाकतं आणि y ने सांगितलेलं नवं मत घालतं:

```
B1 = I - s s'/(s's) + y y'/(y's)

   = [ 0.59  0.41 ]
     [ 0.41  9.59 ]
```

तपासून बघा, B1 ला (१, १) ने गुणलं की (१, १०) येतं. पण ही मॅट्रिक्स खऱ्या हेसियनसारखी नाही. कर्णाबाहेर ०.४१ आहे जे खरं तर शून्य हवं, आणि पहिला आकडा ०.५९ आहे जो १ हवा.

तरीही आता पुढची दिशा काढा. B1 p = −g सोडवलं की p येतो (−१४.८८, १.४९). आपण उभे आहोत (८.१८, −०.८२) वर. प्रमाण बघा, दोन्ही −१० ला १. म्हणजे दिशा नेमकी शून्याकडे, नेमकी किमान बिंदूकडे. मॅट्रिक्स चुकीची आणि दिशा बिनचूक! फक्त लांबी जास्त आहे, ०.५५ पट चाललं तर थेट शून्यावर पोचतो, पूर्ण १ पट चाललं तर पलीकडे जातो.

पलीकडे गेलो तरी चालेल, हे मला यातलं सगळ्यात आवडतं. आता s ची दिशा (−१०, १) आणि y ची (−१०, १०). परत तेच सूत्र लावा, B1 मधून एक भाग वजा आणि एक भाग अधिक, B2 येते कर्णावर १ आणि १०, बाकी शून्य. बरोब्बर हेसियन, दोन पायऱ्यांत, एकही दुसरं डेरिव्हेटिव्ह न काढता. तिसरी पायरी न्यूटनची पायरी होते.

इतकं चोख जमलं कारण f वर्गात्मक आहे आणि पहिली पायरी रेषेवर अगदी तळापर्यंत नेली. तुमच्या फिटमध्ये असं होणार नाही, B कायम थोडीफार चुकलेलीच राहील.

आणि hess_inv चं काय ते याच उदाहरणात दिसतं. समजा पहिल्या पायरीनंतरच थांबलो असतो. B1 चा व्यस्त काढला तर कर्णावर येतात १.७४ आणि ०.१०७. खरे हवेत १ आणि ०.१. दुसऱ्यात थोडीच चूक, पहिल्यात पाऊणपट. रिपोर्टमध्ये हे आकडे घातले असते तर बघणाऱ्याला काहीच संशय आला नसता, तुमच्या १ जूलला निदान आला.

जुनाफोरट्रान
शून्यरेषाताई, छान मांडलंत. थोडा इतिहास सांगतो, कारण ही पद्धत गणितज्ञाने खुर्चीत बसून काढलेली नाही. विल्यम डेव्हिडन हा भौतिकशास्त्रज्ञ, अमेरिकेत आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत होता. १९५०च्या दशकाच्या मध्यात तो एक लांबलचक ऑप्टिमायझेशन चालवत होता, एका वेळी एक चल हलवायची पद्धत, आणि तेव्हाचं यंत्र गणित पुरं व्हायच्या आधीच बंद पडायचं. म्हणून त्याने जोरात पोचणारी पद्धत शोधली. १९५९ साली लॅबचा अहवाल म्हणून लिहिली, पण जर्नलमध्ये ती छापून आली १९९१ला, सियामच्या ऑप्टिमायझेशनवरच्या जर्नलच्या पहिल्या अंकात. मधल्या काळात फ्लेचर आणि पॉवेल यांनी १९६३ साली तिची तपासणी करून ती जगापुढे आणली, म्हणून डीएफपी. मग १९७० साली ब्रॉयडन, फ्लेचर, गोल्डफार्ब आणि शॅनो चौघांनी आपापल्या वाटेने एकच सुधारलेलं सूत्र काढलं.

आम्ही डीएफपी भरपूर वापरलंय. त्याचं दुखणं असं की एकदा अंदाज वाईट झाला की सावरायला फार वेळ घ्यायचं, रेषेवरचा शोध अगदी काटेकोर करावा लागायचा. बीएफजीएस अंदाज चुकला तर स्वतःला सावरून घेतं, म्हणून डीएफपी मागे पडलं.

बोरीबंदर
माझं स्वतःचं सी++ मध्ये लिहिलेलं बीएफजीएस आहे, कामावरच्या एका कॅलिब्रेशनसाठी. सूत्र दहा वेळा तपासलंय, व्यस्ताचं रूप असं आहे (पायथनमध्ये लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल)

```python
rho = 1.0 / (y @ s)
V = np.eye(n) - rho * np.outer(s, y)
H = V @ H @ V.T + rho * np.outer(s, s)
```

सुरुवातीला मस्त चालतं आणि मग मधेच एकदम p चढाच्या दिशेला तोंड करतो, म्हणजे −Hg घेतलं तरी f वाढतो. मग मी H परत एकक करतो आणि पुढे जातो. सूत्रात चूक नाहीये, मग हे का होतं? रेषेवर शोध साधा आहे, १ पासून सुरू, f पुरेसा कमी झाला नाही तर निम्मं.

शून्यरेषा
त्या पायरीला `y @ s` छापून बघा, ऋण आलेला असणार. H धन राहायची हमी फक्त y·s धन असेल तरच. y·s म्हणजे चाललेल्या दिशेने उतार किती बदलला, तो ऋण म्हणजे त्या तुकड्यात पृष्ठभाग उलटा वाकलाय, घुमटासारखा. निम्मं निम्मं करणारा शोध फक्त f कमी झाला का एवढंच बघतो, उतार सौम्य झाला का ते बघत नाही. वुल्फच्या अटींमधली दुसरी अट त्यासाठीच आहे: नव्या जागी त्या दिशेचा उतार आधीपेक्षा पुरेसा सपाट झाला पाहिजे. ती पाळली की y·s आपोआप धन येतो, वेगळं काही तपासावं लागत नाही. किंमत एवढीच की शोध चालू असताना ग्रेडियंटही काढावा लागतो.

बोरीबंदर
ग्रेडियंट माझ्याकडे फार महाग आहे, एका ग्रेडियंटला काही मिनिटं जातात. वुल्फ परवडणार नाही. y·s ऋण आला तर ती पायरी अपडेट न करता सोडून दिली तर?

राईनकाठ
सोडून देणं सगळ्यात सोपं आहे पण मला ते पटत नाही, कारण उलटं वाकलेल्या भागात तुम्ही बराच वेळ असाल तर एकामागून एक पायऱ्या सोडल्या जातात आणि H तीच शिळी राहते. पॉवेलने १९७८ मध्ये दुसरा उपाय सुचवला होता, y च्या जागी y आणि Bs यांचं मिश्रण घ्यायचं, इतकंच की गुणाकार धन होईल. अपडेट होतो पण सौम्य होतो.

मी जर्मनीत कॉम्प्युटेशनल केमिस्ट्रीत आहे, आमच्याकडे तर उलटा वाकच हवा असतो. रेणूचा स्थिर आकार शोधायला बीएफजीएस उत्तम, पण ट्रान्झिशन स्टेट शोधायची म्हणजे एका दिशेने घुमट आणि बाकी सगळ्यांनी दरी. बीएफजीएस B ला कायम धन ठेवतं म्हणून त्याला तो घुमट कधी दिसणारच नाही. तिथे एसआर१ किंवा त्याचं पॉवेलच्या सूत्राशी मिश्रण करणारं बोफिलचं सूत्र वापरतात, ज्यात ऋण आयगेनव्हॅल्यू टिकून राहू शकते.

शून्यरेषा
मिश्रणाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जिथे पृष्ठभाग उलटा वाकलाय तिथे 'थोडा सुलटा वाकलाय' असं B मध्ये लिहून ठेवायचं, म्हणजे मोजलेली माहिती बदलायची. क्वचित एखादी पायरी ऋण येत असेल तर सोडून देणं मला जास्त सरळ वाटतं. सतत येत असेल तर दोन्ही उपाय तोकडे आहेत, तिथे ट्रस्ट रीजन आणि एसआर१ कडे जावं.

राईनकाठ
बंधनं असलेल्या प्रॉब्लेममध्ये तुमची 'सतत' ही स्थितीच नेहमीची असते, पॉवेलचा उपाय आलाय तो तिथूनच. तुमचे बरेचसे प्रॉब्लेम बंधनाविना असावेत असं दिसतंय. बोरीबंदर, दोन्ही चालवून बघा आणि किती पायऱ्यांना y·s ऋण येतो तो आकडा इथे टाका, त्याशिवाय आमच्या दोघांच्या मताला फार अर्थ नाही.

खडूपाटी
मी बदल केले. ३२८ केल्विन हे संदर्भ तापमान घेतलं आणि A, E ऐवजी हे दोन पॅरामीटर घेतले, संदर्भ तापमानाचा ln k आणि E/(R·३२८). दुसरा आता २२ च्या आसपासचा बिनएककाचा आकडा आहे, ६०,००० नाही.

```python
k = np.exp(th1 - th2 * (Tref / T - 1.0))
```

फरक प्रचंड आहे. दोन्ही सुरुवातींपासून E1 आता ७१ किलोजूलच्या जवळ येतो आणि बेरीज ०.००९ च्या आसपास. पण precision loss चा मेसेज अजून अधूनमधून येतोच, आणि दोन सुरुवातींची उत्तरं तिसऱ्या आकड्यात वेगळी आहेत. rtol अजून बदललेला नाही, एका वेळी एकच बदल करावा म्हणून.

शून्यरेषा
फार बरं केलंत, आणि एका वेळी एक बदल हे तर उत्तमच. संदर्भ तापमानाचा दुसरा फायदाही बघा. जुन्या रूपात ln A म्हणजे 1/T शून्य असतानाचं ln k, आणि तुमचा सगळा डेटा तिथून फार दूर एका अरुंद पट्ट्यात. ३०३ ते ३५३ मध्ये 1/RT हा सरासरीच्या जास्तीत जास्त सात-आठ टक्केच इकडे-तिकडे होतो, म्हणून ln A आणि E एकमेकांना जवळजवळ पूर्ण बांधलेले होते, कोरिलेशन ०.९९८ च्या पुढे. E किलोजूलमध्ये घेतला असता तर आकड्यांची साइज सुधारली असती पण ही अरुंद घळ तशीच राहिली असती. डेटाच्या मधोमध संदर्भ घेतला की घळ बरीच रुंद होते.

आता rtol.

कोकणीबाणा
तेच मी पहिल्यापासून सांगतोय, ६७ ची चूक.

शून्यरेषा
६७ हा आकडा तितकासा खरा नाही, आणि तसा असता तर फिट एक पायरीही पुढे गेला नसता. सॉल्व्हर प्रत्येक वेळी नवा गोंधळ घालत नाही. पॅरामीटर १.५×१०⁻⁸ ने हलवला तर बहुतेक वेळा तो त्याच संख्येने, जवळपास त्याच पायऱ्या घेतो, म्हणून चूक दोन्हीकडे सारखी आणि वजाबाकीत ती जाते. पण पॅरामीटर जरा जास्त सरकला की कुठेतरी एखादी पायरी नाकारली जाते, पायऱ्यांचा हिशोब बदलतो आणि f एकदम छोटी उडी घेतो. म्हणजे f गुळगुळीत नाही, छोट्या छोट्या पायऱ्या कापलेला आहे. ग्रेडियंट एका पायरीवरचा उतार दाखवतो, पण रेषेवरचा शोध चार पायऱ्या ओलांडतो आणि त्याला f तेवढा कमी झालेला दिसत नाही. ग्रेडियंट एक म्हणतो, f दुसरंच, आणि मग precision loss. आणि y पण दोन वेगळ्या पायऱ्यांवरच्या उतारांची वजाबाकी, किमान बिंदूजवळ s लहान झाला की y मध्ये खरा वाक कमी आणि उड्यांचा हिस्सा जास्त.

डोळ्यांनी बघायचं असेल तर एका पॅरामीटरसाठी h बदलत जाऊन उतार छापा:

```python
for h in np.logspace(-9, -1, 9):
    print(h, (f(x + h*e) - f(x - h*e)) / (2*h))
```

मधल्या काही h साठी आकडा स्थिर राहिला तर ग्रेडियंट चांगला. तसा स्थिर पट्टा सापडलाच नाही, किंवा लहान h ला एक आकडा आणि मोठ्या h ला दुसराच स्थिर आकडा आला, तर f मध्ये पायऱ्या आहेत.

कोकणीबाणा
पण एखाद्या वेळी उडी नेमकी त्या १.५×१०⁻⁸ च्या आत पडली तर ६७ येणारच ना.

शून्यरेषा
येणार, हो. किती वेळा पडेल ते सॉल्व्हर आणि डेटावर अवलंबून.

राईनकाठ
खडूपाटी, एक विचारतो. हे वर्गांच्या बेरजेचं मिनिमायझेशन आहे, मग बीएफजीएस कशाला? `least_squares` वापरा. तिथे प्रत्येक फरकाचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे J असतं आणि JᵀJ हा हेसियनचा चांगला अंदाज लगेच मिळतो, तो चालत चालत शिकावा लागत नाही. बीएफजीएस तुमची सगळी बेरीज एका आकड्यात गुंडाळून घेतं आणि कुठल्या मोजमापाने काय सांगितलं ते विसरतं.

खडूपाटी
rtol १०⁻⁹ आणि atol १०⁻¹² केला. h चा पट्टा आता १०⁻⁶ ते १०⁻³ स्थिर आहे, आधी तो जवळजवळ नव्हताच. मेसेज यायचा बंद झाला, दोन्ही सुरुवातींची उत्तरं पाच आकड्यांपर्यंत जुळतात. `least_squares` पण चालवलं, पॅरामीटर तेच आले.

एरर असा काढला. f वर्गांची बेरीज आहे म्हणून हेसियन साधारण 2JᵀJ, आणि कोव्हेरियन्स हवा तर f भागिले (मोजमापं वजा चार) याला hess_inv च्या दुपटीने गुणायचं. आधी हा गुणाकारच केला नव्हता. आता JᵀJ वरून E1 चा एरर १.९ किलोजूल येतो. बीएफजीएसच्या hess_inv वरून एका सुरुवातीला १.६ आणि दुसऱ्या सुरुवातीला २.४.

आणि एक गंमत बघितली, सापडलेल्या उत्तरापासूनच बीएफजीएस परत सुरू केलं तर ते लगेच थांबतं आणि hess_inv सरळ एकक मॅट्रिक्स देतं.

शून्यरेषा
हो, एकही पायरी चाललं नाही तर शिकणार काय. `res.nit` शून्य किंवा अगदी लहान असेल तर hess_inv कडे बघूच नका. १.६ आणि २.४ हा फरकही तेच सांगतो, एकाच बिंदूवर पोचलात पण वाटा वेगळ्या, आणि hess_inv वर वाटेची छाप असते. रिपोर्टमध्ये JᵀJ वाला १.९ लिहा.

राईनकाठ
JᵀJ वाल्यातही फरकांच्या वक्रतेचा भाग सोडलेला असतो. तुमचे उरलेले फरक लहान असतील तर चालेल, पण ०.००९ मधला बराचसा हिस्सा एकाच तापमानातून येत असेल तर १.९ वरही मी लगेच सही करणार नाही. तापमानानुसार फरक वेगळे काढून बघितलेत का?

खडूपाटी
नाही अजून. ३५३ चा सेट जरा संशयास्पद आहे, तिथे C चं कॉन्सन्ट्रेशन मॉडेलपेक्षा सतत वर येतंय. उद्या तापमानानुसार फरक काढून इथे लिहिते.

बोरीबंदर
माझा आकडा आला. तीसेक पायऱ्यांपैकी सात ठिकाणी y·s ऋण, आणि सातही सुरुवातीच्या निम्म्या भागात, शेवटी एकदाही नाही. सोडून देणं आणि पॉवेलचं मिश्रण दोन्ही शेवटी एकाच जागी पोचले, मिश्रणाला थोडे कमी ग्रेडियंट लागले. पण हे एकाच डेटासेटवर आहे.

राईनकाठ
सातांपैकी सलग किती?

बोरीबंदर
पाच.